पंधरा मिनिटांची विनंती

मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातून शिकून बाहेर पडलेल्या आणि ठाणे-मुंबईकडे नोकरीत रुळलेल्या माणसाला अधूनमधून एक मेसेज येतो. 'सर, थोडं मार्गदर्शन हवं होतं.' खाली बायोडेटा जोडलेला असतो. मेसेज वाचला जातो, निळ्या खुणा उमटतात आणि उत्तर काही येत नाही. पाठवणारा समजतो, माणूस मोठा झाला, गाव विसरला. वाचणारा समजतो, आणखी एकाला नोकरी हवी आहे आणि ती देणं माझ्या हातात नाही. नाही म्हणून वाईट कशाला व्हा? दोघांचाही ग्रह चुकीचा असतो, आणि तो दुरुस्त होण्याची संधी कधी येत नाही.

माझ्या मते हे मौन बहुतेक वेळा त्या मेसेजनेच ओढवून घेतलेलं असतं. 'मार्गदर्शन' या शब्दात किती मिनिटं, कशाबद्दल आणि त्यानंतर काय, यांपैकी काहीच कळत नाही. ज्या मागणीला सुरुवात आणि शेवट दिसत नाही, तिला हो म्हणायला माणूस कचरतो. याउलट मागणी इतकी लहान आणि नेमकी असली की एका शब्दात होकार देता येतो, तर अनोळखी माणूसही सहसा हो म्हणतो. ही मागणी लहान करण्याची मेहनत मागणाऱ्याने करायची असते, हा या लेखाचा मुद्दा आहे.

ज्या मागणीविषयी मी बोलतो आहे ती मुळात साधी आहे. तुम्ही एका क्षेत्रात काही वर्षं काम केलं आहे. दुसऱ्या एखाद्या क्षेत्राकडे जावं असं मनात आहे, पण तिथे आत काय चालतं ते माहीत नाही. तिथे काम करणारा, तुमच्याच कॉलेजातून आधी बाहेर पडलेला माणूस शोधायचा आणि त्याच्या कामाविषयी पंधरा मिनिटं विचारायचं. नोकरी मागायची नाही. अमेरिकेत ही रीत लोकप्रिय करण्याचं श्रेय रिचर्ड बोल्स यांच्या 'व्हॉट कलर इज युवर पॅराशूट?' या पुस्तकाला दिलं जातं. ते त्यांनी 1970 साली स्वतःच छापलं होतं. नोकरीच्या शोधात निघण्याआधी त्या कामाची माहिती त्या कामातल्याच माणसांकडून घ्या, हे त्यातलं एक मुख्य सांगणं.

'यात नवं काय? आपल्याकडे सगळं ओळखीवरच चालतं,' असं कोणी म्हणेल. चालतं हे खरं, पण कशा प्रकारच्या ओळखीवर ते पाहायला हवं. मुंबईच्या कापड गिरण्यांत भरती बराच काळ जॉबरच्या हाती होती. जॉबर आपल्या गावचे, नात्याचे, जातीचे लोक आणी, त्यांना खात्यात लावी आणि बदल्यात दस्तुरी घेई. रोज सकाळी दारात उभ्या राहणाऱ्या बदली कामगारांपैकी आज कोणाला आत घ्यायचं, हेही बऱ्याच अंशी तोच ठरवी. या सत्तेला आळा घालण्याचा एक प्रयत्न म्हणून 1935 साली गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नोंदणीची योजना आणली. गिरण्या गेल्या, पण ओळखीचा तो अर्थ आपल्या मनात राहिला. ओळख काढली की उपकार झाला आणि उपकार झाला की तो कधीतरी फेडायचा. म्हणूनच आपल्या भागात ओळख काढणारा ओशाळतो आणि ज्याची ओळख काढली जाते तो सावध होतो.

माहिती मागण्यात हे ओझं नसतं. नोकरीची जागा एक असते; ती एकाला दिली की दुसऱ्याची जाते. माहिती दिल्याने देणाऱ्याचं काही कमी होत नाही, त्याला कोणापुढे शब्द टाकावा लागत नाही, आणि विचारणारा पुढे कसा निघाला याची जबाबदारीही त्याच्यावर येत नाही. त्याचा खर्च होतो फक्त वेळेचा. तो किती होणार, हे त्याला आधीच दिसलं पाहिजे.

दुसऱ्याच क्षेत्रातला आणि फारसा ओळखीचा नसलेला माणूस का गाठायचा, यालाही आधार आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या न्यूटन शहरात नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला आणि 1973 साली त्यावर आधारलेला निबंध छापला. ज्यांना ओळखीतून नोकरीची खबर मिळाली होती, त्यांना त्याने विचारलं, की ती देणारा माणूस त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटत असे? वारंवार भेटणारे निघाले शंभरात सतराच्या आसपास. बाकीचे कधीमधी किंवा क्वचित भेटणारे होते. कारण उघड आहे. रोज भेटणाऱ्या माणसाला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका खात्यात शेजारी उभे राहणारे दोघे डब्याच्या सुट्टीत त्याच चार कंपन्यांच्या पगारांविषयी बोलतात. पाचव्या प्रकारच्या कामाची बातमी त्या गप्पांत बाहेरूनच यावी लागते.

आणि ती बातमी आपल्याकडे अवघड वाटेने येते. मुंबई-पुण्यात वाढलेल्या मुलाचे काका बँकेत असतात, मावशी औषध कंपनीत असते, शेजारी सल्लागार असतो. त्या घरात ही माहिती जेवताना आपोआप कानावर पडते. टोकावड्याच्या किंवा डोळखांबच्या घरात शेती असते, कोणी शिक्षक असतो, कोणी एसटीत, कोणी पोलिसात. या कामांची माहिती घरातच असते, इतर कामांची नसते. शहरातल्या मुलाला जे घरबसल्या मिळतं, ते या मुलांना विचारूनच मिळवावं लागणार. त्यामुळे विचारण्याची रीत शिकणं ही इथे चैनीची गोष्ट नाही.

आता एक उदाहरण धरू. माणसं कल्पित आहेत, कामं खरी आहेत. मुरबाडजवळ शिवळे इथे कला, विज्ञान आणि वाणिज्य शाखांचं कॉलेज आहे. तिथून रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली एक मुलगी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला लागली. तीन वर्षं झाली. येणारा कच्चा माल आणि जाणारा पक्का माल तपासायचा, टायट्रेशन करायचं, पीएच घ्यायचा, आकडे रजिस्टरला लिहायचे. काम हातात बसलं आणि पुढची पायरी दिसेनाशी झाली. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांविषयी तिने ऐकलं आहे. शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसा धरणांचं पाणी मुंबईला जातं. तानसा तर 1892 पासून. त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाण्याची गोष्ट तिला लहानपणापासून ठाऊक आहे. पण पाणी तपासण्याचं काम नेमकं कोण करतं, कसं करतं आणि त्यात आपला निभाव लागेल का, हे सांगणारं तिच्या ओळखीत कोणी नाही.

पहिली पायरी माणूस शोधण्याची. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पाणी तपासणीच्या लॅबमध्ये कोणी आहे का?' असं टाकलं तर वीस जण अंगठे दाखवतात आणि नाव एकही पुढे येत नाही, कारण प्रश्न सगळ्यांना असला की तो कोणालाच नसतो. त्यापेक्षा आपल्या विभागातल्या एका प्राध्यापकांना गाठावं. कोणत्या वर्षीचा कोण कुठे गेला, हे त्यांना बऱ्यापैकी आठवतं. लिंक्डइनवर कॉलेजचं पान उघडलं तर तिथेही माजी विद्यार्थी ते सध्या कुठे आणि कोणतं काम करतात त्यानुसार चाळता येतात. ग्रामीण कॉलेजांची यादी तिथे अपुरी असते, तरी एखादं नाव सापडतं. धरा, की प्राध्यापकांनी नवी मुंबईतल्या एका खासगी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या, आठ वर्षं आधीच्या विद्यार्थ्याचं नाव आणि नंबर दिला. त्याआधी त्याला विचारून घेतलं, हे महत्त्वाचं. त्याच्या नकळत मिळालेल्या नंबरावर सुरू झालेलं बोलणं संशयानेच सुरू होतं.

दुसरी पायरी प्रश्नाची. तिला खरं तर बरंच विचारायचं आहे: पगार किती, कोर्स कोणता करू, जागा निघतात का, बाई म्हणून काम कसं आहे. हे सगळं मेसेजात घातलं तर तो अर्ज होतो. मेसेजात एकच प्रश्न जावा, आणि तो असा हवा की त्याचं उत्तर त्या माणसालाच देता येईल. 'पाणी तपासणीत काय स्कोप आहे?' याचं उत्तर कोणीही देईल आणि ते कोणाच्याही कामाचं नसेल. 'कारखान्यातून आलेल्या केमिस्टला तुमच्या लॅबमध्ये नव्याने काय शिकावं लागतं?' हा प्रश्न वाचताक्षणी त्याच्या डोक्यात उत्तर सुरू होतं, कारण तोही बहुधा त्याच वाटेने गेलेला असतो किंवा तसे लोक त्याने कामाला घेतलेले असतात.

तिसरी पायरी वेळेची. इथे सगळ्यात जास्त विनंत्या वाया जातात. 'तुम्हाला वेळ असेल तेव्हा सांगा' हे ऐकायला नम्र वाटतं, पण त्यात आपलं वेळापत्रक पाहण्याचं, वेळ ठरवण्याचं आणि ती कळवण्याचं काम समोरच्यावर पडतं. त्या क्षणी त्याला वेळ नसतो, तो 'नंतर बघू' म्हणतो आणि नंतर कधी बघत नाही. म्हणून दोन वेळा आपणच सुचवायच्या, एक कामाच्या दिवसाची आणि एक सुट्टीची. हे करताना स्वतःची पाळी पाहावी. आपल्या मुलीची पाळी आठवड्याला बदलते. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात ती रात्री उशिरा सुटते आणि खात्यात मोबाइल नेता येत नाही. तेव्हा पहिल्या पाळीचा आठवडा निवडायचा. त्या माणसाचाही प्रवास ध्यानात घ्यायचा. नवी मुंबईतून कल्याणकडे परतणारा माणूस संध्याकाळी सहा-सातला लोकलच्या गर्दीत असतो आणि दाराशी लटकून कोणी कामाविषयी बोलू शकत नाही. साडेसातपर्यंत तो घरी पोहोचतो. आणि तिच्या वाडीत रेंज येते-जाते, म्हणून त्या वेळी ती मुरबाडला मावशीकडे थांबणार, हेही आधीच ठरवून ठेवायचं.

मग मेसेज असा तयार होतो:

'नमस्कार सर. मी शिवळे कॉलेजची, बीएस्सी केमिस्ट्री, 2022. तुमचा नंबर आपल्या केमिस्ट्रीच्या सरांनी तुम्हाला विचारून दिला. मुरबाड एमआयडीसीत तीन वर्षं क्वालिटी कंट्रोलला आहे. कारखान्यातून आलेल्या केमिस्टला पाणी तपासणीच्या लॅबमध्ये नव्याने काय शिकावं लागतं, हे तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे. नोकरीसाठी विचारत नाही. फोनवर पंधरा मिनिटं पुरतील. बुधवारी संध्याकाळी साडेसात किंवा रविवारी सकाळी अकरा, यांपैकी केव्हा फोन करू? जमणार नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल.'

यातली प्रत्येक गोष्ट काहीतरी काम करते. पहिल्या वाक्यात कॉलेज आणि साल आहे, कारण अनोळखी नंबरचा मेसेज उघडायचा की नाही हे माणूस पहिल्या ओळीवरूनच ठरवतो. नंबर कुठून आला ते सांगितल्याने शंका जाते. तीन वर्षांच्या कामाचा उल्लेख सांगतो, की समोर विद्यार्थिनी नाही, काम करणारी व्यक्ती आहे. तिच्याशी मुळाक्षरांपासून बोलावं लागणार नाही. उत्तर 'बुधवार' एवढ्या एका शब्दात देता येतं. शेवटच्या वाक्यात नकाराची वाट उघडी आहे. ती उघडी ठेवली की माणसाला कोंडल्यासारखं वाटत नाही आणि होकार सोपा जातो.

'नोकरीसाठी विचारत नाही' हे वाक्य पुष्कळांना खटकेल. तरी आपल्याकडे ते हवं, कारण वाचणाऱ्याच्या मनात नेमकी तीच शंका असते आणि ती बोलून दाखवल्याशिवाय जात नाही. मात्र ते खरं असलं पाहिजे. ज्याची नोकरी गेली आहे आणि ज्याला या महिन्यात पगार हवा आहे, त्याने हे वाक्य लिहून फोनवर जागेचं विचारू नये. त्याने सरळ लिहावं, 'नोकरी शोधतो आहे, तुमच्याकडे जागा असल्यास कुठे अर्ज करायचा एवढंच सांगा.' तीही लहान आणि प्रामाणिक मागणी आहे. माहितीच्या नावाखाली नोकरी मागणं हा मात्र फसवणुकीचाच प्रकार. तो एकदा उघडा पडला की त्या कॉलेजच्या पुढच्या दहा मुलांसाठी तो नंबर बंद होतो.

मेसेज पाठवताना चुका होतात त्या बहुतेक जास्तीच्या असतात. बायोडेटा जोडणं ही त्यातली पहिली. जोडपत्र दिसलं की मजकूर काहीही असो, तो नोकरीचा अर्ज ठरतो. 'हाय सर' लिहून उत्तराची वाट पाहत बसणं ही दुसरी. त्यात माणसाला कशाला उत्तर द्यायचं तेच कळत नाही. तिसरी व्हॉइस नोट. ती कार्यालयात ऐकता येत नाही, म्हणून राहून जाते. चौथी न विचारता थेट फोन. आणि पाचवी, अतिनम्रता: 'आपला अमूल्य वेळ', 'आपल्यासारख्या थोर व्यक्तीचे आशीर्वाद'. अशा भाषेने मागणी मोठी वाटते, कारण एवढं वाकून कोणी पंधरा मिनिटं मागत नाही, असं वाचणारा मनात म्हणतो.

उत्तरावरून आपला मेसेज कसा पोहोचला ते कळतं. 'बायोडेटा पाठव' असं उत्तर आलं तर मागणी नोकरीची समजली गेली आहे. तेव्हा लगेच बायोडेटा धाडण्याचा मोह आवरावा आणि लिहावं, 'गरज लागली तर नक्की पाठवीन, सध्या फक्त कामाविषयी विचारायचं होतं; बुधवारी साडेसातला करू का?' 'केव्हाही फोन कर' हे उत्तर होकारासारखं दिसतं, पण ती ठरलेली वेळ नव्हे. त्यालाही 'मग रविवारी अकराला करते' असं उत्तर द्यावं. 'बोलू कधीतरी' हा सभ्य नकार आहे, तो मान्य करावा. काहीच उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण द्यावी, एका ओळीत. त्यानंतर थांबावं. तिसरा मेसेज गेला की तगादा होतो, आणि अशी गोष्ट आपल्या छोट्या वर्तुळात लगेच पसरते.

इथे मुलींचा वेगळा विचार करायला हवा. अनोळखी पुरुषाला मेसेज करणं, त्याच्याशी संध्याकाळी फोनवर बोलणं यावर आपल्या गावांत अजून प्रश्न विचारले जातात, आणि क्वचित समोरचा माणूसही त्याचा चुकीचा अर्थ काढतो. म्हणून ओळख प्राध्यापकांमार्फत होणं, वेळ रात्रीची नसणं, भेट फोनवर असणं आणि शक्य असेल तिथे माजी विद्यार्थिनीच शोधणं, या चार गोष्टी उपयोगी पडतात. माणसाने कामाचं सोडून इतर चौकशा सुरू केल्या तर फोन तिथेच संपवावा. पंधरा मिनिटांची ठरलेली मर्यादा अशा वेळी तिच्याच बाजूने उभी राहते.

आता फोनवर काय मिळतं ते पाहू, कारण त्यावरच या सगळ्या खटाटोपाचं मोल ठरतं. पाणी तपासणीचे निकष कोणालाही शोधता येतात. भारतीय मानक 10500 पिण्याच्या पाण्यासाठी आहे; 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय आढळता कामा नये, हे त्यात लिहिलेलं आहे. पण लॅबमध्ये काम करणारा माणूस जे सांगेल ते वेगळं असतं. तो सांगेल, की टायट्रेशन आणि पीएच तुला येतो, ते इथेही चालतं. मात्र कारखान्यात रोज तोच माल येतो आणि आकडा साधारण किती येणार हे आधीच माहीत असतं. इथे बाटलीत काय आहे ते माहीत नसतं. जंतूंच्या तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीतच घ्यावा लागतो. पाण्यात क्लोरीन असेल तर ते निष्प्रभ करायला बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच घालून ठेवतात, नाहीतर वाटेतच जंतू मरतात आणि घाण पाणी कागदावर स्वच्छ ठरतं. नमुना थंड ठेवून लवकर पोहोचवायचा. उरलेल्या क्लोरीनचा आकडा मात्र जागेवरच घ्यायचा, कारण तो तासागणिक उतरतो. म्हणजे या कामाचा अर्धा भाग लॅबच्या बाहेर, पंपहाऊसवर आणि टाकीवर असतो. बाहेर फिरायची तुझी तयारी आहे का?

तो पुढे सांगेल, की जंतूंचा विभाग बहुतेक ठिकाणी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्यांकडे असतो. केमिस्टला रसायनांच्या विभागात जागा असते. तिथे धातू मोजणारी मोठी उपकरणं असतात, ती मुरबाडच्या कारखान्यात हाताळायला मिळाली नसतील. आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळा 'आयएसओ 17025' या मानकाप्रमाणे चालते. तिथे आकडा बरोबर येणं पुरत नाही, तो कोणत्या उपकरणावर आला, ते उपकरण शेवटचं कधी पडताळलं, त्या आकड्यात किती अनिश्चितता आहे, हे सगळं लिहावं लागतं. मग सर्वांत उपयोगी वाक्य येतं: यातलं काय आम्ही लॅबमध्ये शिकवतो आणि काय पहिल्या दिवशीच यावं अशी अपेक्षा असते. हे वाक्य जाहिरातीत नसतं आणि कोर्स विकणारा कधी सांगत नाही, कारण लॅब फुकट शिकवते तेच तो पैसे घेऊन विकत असतो. एका चुकीच्या कोर्सची फी वाचली तरी त्या पंधरा मिनिटांचं काम झालं.

त्या वेळात तीन प्रश्न बसतात. पहिला मेसेजातलाच. दुसरा, या कामात तुम्हाला सर्वांत नकोसं काय वाटतं? आणि तिसरा, या विषयावर मी आणखी कोणाशी बोलावं? चौदाव्या मिनिटाला आपणच म्हणायचं, 'सर, पंधरा मिनिटं होत आली.' समोरचा म्हणाला 'अगं विचार ना', तर पुढे जायचं; नाहीतर आभार मानून फोन ठेवायचा. दिलेला शब्द पाळणारी माणसं लक्षात राहतात, आणि पुढे कधी जागा निघाली तर आठवतात ती तीच.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो दुबळा नाही. ग्रॅनोव्हेटरचाच निष्कर्ष पाहा: नोकऱ्या ओळखीतून मिळतात. मग माहितीच्या नावाने ओळख वाढवणं हा वशिल्याचाच सभ्य अवतार नाही का? माझं उत्तर असं की फरक मागणीत आहे आणि वापरातही. वशिला दुसऱ्याला मागे सारून आपल्याला पुढे काढतो. माहिती आपल्याला दारापर्यंतचा रस्ता दाखवते, दार उघडायचं ते परीक्षेने, मुलाखतीने किंवा कामाच्या कसाने. शिवाय वशिला ज्यांच्याकडे आधीच आहे ते ही रीत वापरत नाहीत, त्यांना गरजच नसते. तिचा फायदा सर्वांत जास्त ज्याला कोणी नाही त्यालाच होतो.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. एका माणसाचं सांगणं हा एका माणसाचा अनुभव असतो. ज्याची बढती अडली तो क्षेत्रच वाईट म्हणेल. ज्याचं बरं चाललं तो अडचणी विसरलेला असेल. आठ वर्षांपूर्वी तो कसा आत गेला ती वाट आज बंदही झालेली असेल. म्हणून एका फोनवर राजीनामा लिहू नये. दोन-तीन माणसांशी बोलावं, त्यातला एक तरी ते क्षेत्र सोडून गेलेला असावा. पगार आणि पात्रतेचे आकडे जाहिरातींशी ताडून पाहावेत. तिघांच्या बोलण्यात जे सारखं येतं ते धरावं, एकट्याचं असेल ते बाजूला ठेवावं.

फोननंतर त्याच दिवशी आभाराच्या दोन ओळी जाव्यात, आणि दोन-तीन महिन्यांनी आणखी एक मेसेज: 'तुम्ही सुचवल्याप्रमाणे अमुक शिकले, तमुक कोर्स टाळला.' हा दुसरा मेसेज फारच थोडे जण पाठवतात. सांगणाऱ्याला आपल्या शब्दांचं काय झालं ते त्यातूनच कळतं, आणि पुढच्या अनोळखी मुलाला तो हो म्हणतो ते त्यामुळेच.

आता कॉलेजांना एक सांगणं. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र जागा आहे, त्यामुळे शहापूर-मुरबाडसह सगळीकडे माजी विद्यार्थी संघ स्थापन होतात, त्यांची नोंदणी होते, मेळावे भरतात, फोटो काढले जातात, देणगीची पावती फाडली जाते. त्या मेळाव्यात एक फॉर्म फिरवा. नाव, साल, सध्याचं काम, आणि शेवटी एक रकाना: 'वर्षातून किती जणांशी पंधरा मिनिटं फोनवर बोलाल?' कोणी दोन लिहील, कोणी शून्य लिहील, दोन्ही चालेल. ही यादी विभागातल्या एका प्राध्यापकांकडे राहू द्या आणि नंबर त्यांच्याकडूनच, माणसाला विचारून, दिला जाऊ द्या. याला निधी लागत नाही की सभागृह लागत नाही.

आणि जे बाहेर पडून रुळले आहेत त्यांना एवढंच: नेमका मेसेज आला तर हो किंवा नाही, पण उत्तर द्या. मोघम मेसेज आला तर गप्प बसू नका. 'एक प्रश्न आणि दोन वेळा लिहून पाठव' एवढं उलट कळवा. ज्याला खरंच विचारायचं असेल तो तसं पाठवील.